प्रश्नातला प्रश्न

निपाणीच्या बाजारात कोणी ‘तू काय करतोयस?’ असे विचारतो आणि शेजारचा कन्नड भाषक ‘नीनु एनु माडुत्तिद्दी?’ असे म्हणतो. दोन्ही वाक्यांत कर्ता प्रथम, प्रश्नवाचक शब्द मध्ये आणि क्रियापद शेवटी येते. हाच प्रश्न दुसऱ्या वाक्यात घातला, तरी हा क्रम हलत नाही. मराठीत ‘तू काय करतोयस ते सांग’ होते, कन्नडमध्ये ‘नीनु एनु माडुत्तिद्दी अंत हेळु’. ‘ते’ आणि ‘अंत’ एवढी खूण पुरेशी असते.

म्हणून आपल्याकडचा विद्यार्थी इंग्रजीत ‘व्हॉट यू आर डुइंग?’ असे विचारतो, तेव्हा तो अडाणीपणा नसतो. घरची आणि रस्त्यावरची अशा दोन भाषांचा नियम तो तिसऱ्या भाषेला लावत असतो. मुलाखतीत त्याला हसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, आणि शिकवणाऱ्यांनी तर चूक खोडण्याआधी हा फरक मराठीतूनच समजावावा, असे माझे मत आहे.

फरक असा. इंग्रजीत थेट प्रश्न विचारताना साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी जाते: ‘व्हॉट आर यू डुइंग?’ मात्र तोच प्रश्न मोठ्या वाक्याचा भाग झाला की ते परत मागे येते: ‘टेल मी व्हॉट यू आर डुइंग.’ म्हणजे जो क्रम थेट प्रश्नात चुकीचा, तोच येथे बरोबर. केवळ ‘आर पुढे घ्या’ एवढेच पाठ केलेला विद्यार्थी ‘टेल मी व्हॉट आर यू डुइंग’ लिहू लागतो. एक चूक जाऊन दुसरी येते.

एक उदाहरण पाहू. तहसीलदारांना लिहायचे आहे: ‘उतारा कधी मिळेल ते कळवावे.’ अनेक अर्जांत ‘प्लीज टेल मी व्हेन विल आय गेट द उतारा’ असे असते. येथे मराठी वाक्यातला ‘ते’ शोधावा. ‘ते’ असेल, तर प्रश्न आत गेला आहे. म्हणून ‘व्हेन आय विल गेट’ असे लिहावे. शेवटी प्रश्नचिन्ह नको, कारण संपूर्ण वाक्य विनंतीचे आहे.

‘डिड’ असेल, तर तो आत जाताना गळतो आणि भूतकाळ मूळ क्रियापदावर येतो: ‘व्हेअर डिड ही गो?’ याचे ‘आय नो व्हेअर ही वेंट’ होते. ‘तो आला का?’ यासारख्या प्रश्नातला ‘का’ आत गेल्यावर ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’ होतो.

एक अपवाद लक्षात असावा. ‘कोण आले?’ या प्रश्नात प्रश्नवाचक शब्दच कर्ता आहे. तेथे ‘हू केम?’ हा क्रम थेट प्रश्नातही आणि आतही तोच राहतो.

शिक्षकांनी फळ्यावर प्रथम मराठी वाक्य लिहून ‘ते’ अधोरेखित करावा. इंग्रजीचा नियम त्यानंतर सांगावा.