‘खत अनुदानात कपात’ हा मथळा वाचण्याआधी

दरवर्षी १ फेब्रुवारीला दुपारनंतर आपल्या तालुक्याच्या ग्रुपवर दोनच प्रकारच्या पोस्ट फिरतात. एकीत ‘शेतकऱ्यांच्या खतावर कुऱ्हाड’, दुसरीत ‘गरिबांसाठी विक्रमी तरतूद’. दोघांच्या हातात एकाच कागदातला आकडा असतो आणि दोघांनीही तो अर्धाच वाचलेला असतो. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. लांबलंय, पण वाचा.

indiabudget.gov.in वर ‘बजेट ॲट अ ग्लान्स’ नावाची छोटी पुस्तिका असते. त्यात प्रमुख खर्चांच्या तक्त्यात खत, अन्न आणि पेट्रोलियम अशा अनुदानाच्या तीन ओळी सापडतील. प्रत्येक ओळीसमोर चार रकाने असतात. दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, सरत्या वर्षाचा मूळ अंदाज, त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आणि येणाऱ्या वर्षाचा अंदाज. मथळेवाले शेवटचे दोन रकाने पाहतात, वजाबाकी करतात आणि ‘कपात’ किंवा ‘वाढ’ लिहून मोकळे होतात.

२०२२-२३ चं खत घ्या, कारण त्या वर्षाचे सगळे आकडे आता पूर्ण आहेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये तरतूद झाली १,०५,२२२ कोटींची. आधीच्या वर्षाचा सुधारित अंदाज होता १,४०,१२२ कोटी. म्हणजे पंचवीस टक्के कपात! ओरड झाली, आणि कागदावर ती बरोबरच होती. मग २४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. आपला युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो, त्यातला बराच वायू बाहेरून येतो, शिवाय तयार युरियाही आपण आयात करतो. वायू भडकला. मे महिन्यात अर्थमंत्र्यांना आणखी १ लाख १० हजार कोटी जाहीर करावे लागले. वर्ष संपलं तेव्हा प्रत्यक्ष खर्च निघाला २,५१,३३९ कोटी. ज्या वर्षी ‘कपात’ झाली म्हणून आपण बोंब मारली, त्या वर्षी खतावर तोवरचा सगळ्यात मोठा खर्च झाला.

पुढच्या फेब्रुवारीत तरतूद १,७५,१०० कोटी. पुन्हा मथळा, ‘खत अनुदानात पन्नास हजार कोटींची कपात’. पण दुकानात युरियाची ४५ किलोची गोणी होती त्याच दराला मिळत राहिली. कारण सरकारने युरियाचा विक्रीदर बांधून ठेवलाय, कडुनिंबाच्या लेपाचा खर्च आणि कर सोडून गोणीला २४२ रुपये. कारखान्याचा किंवा आयातीचा खर्च वर जाईल तेवढं अनुदान आपोआप वर जातं, खाली आला की खाली. फेब्रुवारीतला आकडा हा सरकारचा निर्णय कमी आणि जागतिक वायूच्या भावाचा अंदाज जास्त असतो.

मग कपात कधी झाली हे ओळखायचं कसं? त्यासाठी खताची ओळ फोडून वाचावी लागते. तिच्यात दोन भाग आहेत, युरिया आणि ‘पोषणद्रव्य आधारित अनुदान’. डीएपी, पोटॅश, १०:२६:२६ ही सगळी दुसऱ्या भागात येतात. २०१० पासून तिथे उलटा नियम आहे. सरकार नत्र, स्फुरद, पालाशवर किलोमागे ठरावीक रक्कम जाहीर करतं, साधारणपणे खरीप आणि रब्बीच्या आधी, आणि उरलेला भार विक्रीदरावर पडतो. म्हणजे बाहेर भाव वाढला आणि ही रक्कम तेवढीच राहिली, तर फरक थेट शेतकऱ्याच्या खिशातून जातो. दिल्लीतल्या कागदावर कुठेही ‘कपात’ दिसत नाही.

२०२१ चा मे आठवा. डीएपीच्या गोणीवर अनुदान होतं ५०० रुपये. फॉस्फोरिक ॲसिड आणि अमोनिया महागले, गोणीचा खर्च २,४०० वर गेला आणि पेरणीच्या तोंडावर दुकानात १,९०० रुपयांचा छाप आला. गावोगाव संताप झाला, तेव्हा केंद्राने अनुदान १,२०० रुपये केलं आणि गोणी पुन्हा १,२०० वर आली. हा खरा निर्णय होता, आणि तो अर्थसंकल्पात नव्हता. २०२५-२६ मध्ये या भागाला ४९,००० कोटी होते, आदल्या वर्षीचा सुधारित अंदाज ५२,३१० कोटी. ऊस आणि द्राक्षवाल्यांनी खताच्या एकूण आकड्याचा नाद सोडून ही पोटओळ पाहावी, आणि हंगामाआधी किलोमागचे दर पाहावेत. भाषणं नंतर ऐकली तरी चालतील.

अन्नाच्या ओळीत खेळ वेगळा आहे. तिथे आकडा लहान दिसला म्हणून खूश होऊ नये. २०१९-२० मध्ये तरतूद होती १,८४,२२० कोटींची आणि दाखवलेला खर्च फक्त १,०८,६८८ कोटी. रेशन कमी वाटलं का? नाही. अन्न महामंडळाला त्याचे पैसे अनुदान म्हणून देण्याऐवजी राष्ट्रीय अल्पबचत निधीतून कर्ज काढायला लावलं होतं. अल्पबचत म्हणजे आपण पोस्टात ठेवतो तीच. धान्य वाटलं गेलं, बिल मात्र महामंडळाच्या वहीत पडून राहिलं आणि तूट कागदावर कमी दिसली. पुढच्या वर्षी ही कर्जं फेडायला घेतली, त्यात करोनाचं मोफत धान्य आलं आणि आकडा ५,४१,३३० कोटींवर गेला. त्यानंतर २,८८,९६९ कोटी झाला, तर लगेच ‘गरिबांचं अन्न निम्मं केलं’ सुरू. उधारी मिटवली ती योग्यच केली. ती आधी लपवली हे मला चुकीचं वाटतं, आणि तेव्हा कुणी ओरडलं नाही हे त्याहून.

आणि अन्नाचा आकडा वाढला म्हणजे जास्त लोकांना रेशन मिळतं असंही नाही. हमीभाव, साठवण, वाहतूक वाढली की तो वाढतो. लाभार्थी किती हे २०११ च्या जनगणनेवर अडकलंय, देशात ८१.३५ कोटी, महाराष्ट्राला सुमारे सात कोटींचा इष्टांक. पुरवठा विभागात नाव घालायला गेलं की ‘इष्टांक संपलाय’ हे उत्तर मिळतं ते त्यामुळे. पंधरा वर्षांत जन्मलेली पोरं या हिशेबात नाहीत.

राहिलं इंधन. पेट्रोल २०१० ला आणि डिझेल २०१४ ला अनुदानातून सुटलं. आता ही ओळ म्हणजे मुख्यतः उज्ज्वलाचं सिलिंडर. २०२५-२६ साठी मंत्रिमंडळाने १२,००० कोटी मंजूर केले, सिलिंडरला ३०० रुपये, वर्षाला नऊपर्यंत. जोडण्या तेव्हा होत्या १०.३३ कोटी. आता हिशेब करा. प्रत्येक घराने एक सिलिंडर घेतलं की ३,१०० कोटी लागतात. नऊ घेतली तर जवळपास २८ हजार कोटी. मंजूर रकमेत बसतात घरटी चारही नाहीत. म्हणजे नऊ सिलिंडर जाहीर करतानाच सरकारने गृहीत धरलंय की बाया सरासरी चारच आणतील, उरलेले महिने चूल पेटेल. आणि सिलिंडर तोट्यात विकल्याबद्दल तेल कंपन्यांना त्याच ऑगस्टमध्ये मंजूर झालेले ३०,००० कोटी? ते फेब्रुवारीतल्या १२,१०० कोटींच्या ओळीत मावणारच नव्हते.

तुमच्या गल्लीत उज्ज्वलाचं कनेक्शन असलेल्या घरात वर्षाला किती सिलिंडर येतात, ते कमेंटमध्ये सांगा. नाव नको, गाव आणि आकडा पुरे.