भांडण माणसाशी की कामाशी?

सल्ला केंद्रात जोडपं येतं तेव्हा बहुतेक वेळा दोघंही एकमेकांच्या स्वभावाची तक्रार घेऊन येतात. मागच्या वर्षी जालन्यात आमच्यासमोर आलेलं जोडपंही तसंच होतं. नवरा रोलिंग मिलमध्ये बारा तासांच्या पाळीला. बायको घरी शिवणकाम करणारी. भाड्याची दीड खोली, मुलगी दहावीला. नवऱ्याचे आई-वडील घनसावंगी तालुक्यातल्या गावी. आईला लकवा मारलेला, उजवी बाजू गेलेली. वडील पंचाहत्तरीच्या घरातले, नजर कमी झालेली.

तो म्हणाला, "हिला माझे आई-बाप नकोत." ती म्हणाली, "यांना बायको नको, मोलकरीण पाहिजे."

अशा वेळी आपण कार्यकर्त्याही कुणाची बाजू खरी हे ठरवायला बसतो. बाई आपल्या संघटनेची असेल तर नवरा दोषी, आणि सासू अंथरुणावर असेल तर मन थोडं सुनेविरुद्ध झुकतं. दोन्ही वेळा प्रश्न तिथंच राहतो. समाजकार्याच्या अभ्यासात मी एक सूत्र शिकले होते: माणूस आणि प्रश्न वेगळे करा. हार्वर्डच्या रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांनी १९८१ साली वाटाघाटींवरच्या पुस्तकात ते मांडलं. सूत्र कामाचं आहे, पण ते व्यवहारातल्या वाटाघाटींसाठी मांडलेलं. तिथं न पटल्यास टेबलावरून उठून जाता येतं. आपल्याकडची बाई उठून कुठं जाणार? म्हणून आपण ते वापरताना एक पायरी आधी घालावी लागते.

ती पायरी अशी: बाईला आधी एकटीला भेटायचं. तो मारतो का, त्याच्यासमोर बोलायची भीती वाटते का, पैसे काढून घेतो का, हे सरळ विचारायचं. उत्तर 'हो' असेल तर समोरासमोर बसवायचंच नाही. तिथं प्रश्न हिंसेचा आहे, आणि त्यासाठी २००५चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे. इथं तसं नव्हतं. ती म्हणाली, "हात उचलत नाहीत. पण ऐकतही नाहीत."

मग दोघांना शेजारी-शेजारी बसवलं, समोरासमोर नाही. समोर कोरा कागद ठेवला. नियम एकच: तासभर 'तू अशी', 'तुम्ही असे' म्हणायचं नाही. काय घडलं, कधी घडलं आणि कशाची भीती वाटते, एवढंच सांगायचं.

तो आधी गप्पच होता. मग म्हणाला, आई न्हाणीत पडली त्या दिवशी दुपारपर्यंत तशीच पडून होती. वडिलांना उचलता आलं नाही. शेजाऱ्यानं फोन केला तेव्हा हा पाळीवर होता. ते सांगताना त्याचा आवाज बसला. त्याला बायकोचा राग कमी आणि स्वतःची लाज जास्त वाटत होती. ती म्हणाली, आधीच्या वर्षी तीन महिने मी गावी राहून सगळं केलं. मशीन बंद राहिलं, गिऱ्हाइकं तुटली. परत आल्यावर कुणी एका शब्दानं विचारलं नाही. आता गेले तर पुन्हा येणं नाही, आणि मुलीची दहावी वाया जाईल. तिला सासू नको नव्हती. तिला परतीचा रस्ता हवा होता.

त्यानंतर कागदावर मथळा लिहिला: 'आईचं दुखणं'. खाली कामं लिहिली. दर दोन तासांनी कूस बदलणं, नाही तर पाठीला जखमा होतात. अंग पुसणं, शी-शू काढणं, कपडे धुणं, भरवणं, हातापायाचा व्यायाम, गोळ्या, वडिलांचा स्वयंपाक, दवाखाना. प्रत्येकापुढं वेळ लिहिला. दिवसाचे सात तास भरले, शिवाय रात्री तीनदा उठणं. हे त्यानंच मोजलं. बराच वेळ कागदाकडं बघून तो म्हणाला, "हे एका माणसाचं काम नाही." हे वाक्य आम्ही बोललो असतो तर भाषण झालं असतं.

एक गोष्ट आम्हीही विसरलो होतो. सासूला कुणी विचारलंच नव्हतं. कार्यकर्ती गावी गेली तेव्हा म्हातारी अडखळत म्हणाली, मला शहरात नेऊ नका, आणि आंघोळ लेकीनं घातली तर बरं वाटेल. लेक परतूरला दिलेली. 'ती परक्या घरची' म्हणून तिला कुणी हाकच मारली नव्हती.

पुण्याचा धाकटा भाऊ आणि परतूरची बहीण यांना बोलावून जे ठरलं ते लिहून काढलं. गावातली एक बाई पगारी लावायची, पैसे दोघा भावांनी द्यायचे. बहीण आठवड्यातून दोन दिवस येणार. सुट्टीचा दिवस आणि आदली रात्र मुलानं आईजवळ काढायची, कूस बदलणं आणि शी-शू धरून. सून परीक्षेनंतर पंधरा दिवस जाणार, परतीची तारीख कागदावर. महिन्यानं पुन्हा बसायचं.

महिन्यानं बसलो तेव्हा दोन गोष्टी बिघडल्या होत्या. पगारी बाई तीन आठवड्यांत सोडून गेली, कारण एकटीला म्हातारीला उचलणं झेपेना. आणि मुलाच्या दोन सुट्ट्या चुकल्या होत्या. पहिल्या बिघाडावर उपाय सापडला: उचलायच्या वेळी शेजारच्या मुलाला थोडे पैसे देऊन बोलवायचं. दुसऱ्यावर मात्र आम्ही सोडलं नाही. प्रश्न माणसापासून वेगळा करायचा, जबाबदारी नाही. प्रत्येक कामापुढं नाव हवं, आणि काम चुकलं तर त्या नावाला विचारायला हवं. 'परिस्थितीच तशी' म्हणत सगळी कामं हळूहळू पुन्हा सुनेच्या नावावर सरकू लागली, तर समजावं की आपली मध्यस्थी फसली.

कायदा याबाबत काय म्हणतो? विजया मनोहर अरबट यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८७ साली सांगितलं की लग्न झालेल्या लेकीवरही बापाच्या पोटगीची जबाबदारी येते. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातल्या 'मुलं' या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू, नात आहेत. सून नाही. पण २०१६ साली नरेंद्र विरुद्ध के. मीना या निकालात त्याच न्यायालयानं, इतर कारणांबरोबरच, सबळ कारणाशिवाय नवऱ्याला आई-वडिलांपासून वेगळं राहायला लावणं ही बायकोची क्रूरता मानली. माझ्या मते इथं प्रश्न पुन्हा बाईच्या स्वभावात नेऊन ठेवला गेला. ती वेगळं का मागते, घरात कुणाच्या वाट्याला किती काम आहे, हे मोजल्याशिवाय 'सबळ कारण' कसं ठरणार?

आपल्या राज्यात गरीब वृद्धांच्या निवृत्तिवेतन योजनेला श्रावणबाळाचं नाव आहे. नाव चांगलं आहे. फक्त गोष्टीतला श्रावणबाळ कावड स्वतःच्या खांद्यावर घेऊन चालला होता, बायकोच्या खांद्यावर देऊन नव्हे.

त्या जोडप्याचं भांडण मिटलं असं मी म्हणणार नाही. मुलीची दहावी झाली, सून ठरल्याप्रमाणे पंधरा दिवस गावी गेली आणि ठरल्या तारखेला परत आली. परवा भेटली तेव्हा म्हणाली, "ताई, भांडतो अजून. पण आता कागदावरून भांडतो."