गहाण पडलेली मालकी

घरासाठी कर्ज मागणाऱ्या कामगाराच्या पगाराची बँक पै न् पै तपासते. कंपनीचा प्रवर्तक मात्र आपले भाग सावकाराकडे तारण ठेवून कोट्यवधी रुपये उचलतो, आणि त्याच कंपनीत आयुष्याची पुंजी गुंतवलेल्या निवृत्त शिक्षकाला त्याची वार्ता देण्याचे बंधन 2009 पर्यंत त्याच्यावर नव्हते!

या व्यवहाराची घडण समजून घेतली पाहिजे. समजा, 200 कोटींचे भाग तारण घेऊन सावकाराने 100 कोटी दिले. भाव चतुर्थांशाने घसरताच तारण 150 कोटींचे उरते आणि सावकार आणखी भाग मागतो. प्रवर्तकापाशी ते नसले, तर हाती असलेले भाग तो बाजारात फुंकतो. त्या विक्रीने भाव आणखी कोसळतो व दुसऱ्या सावकाराचे तारणही अपुरे पडते. कारखान्याची यंत्रे सुरळीत चालू असतात, मालाला मागणी असते. तरी लहान भागधारक मात्र बुडतो.

हैदराबादच्या सत्यम कंपनीत तर यंत्रेही पोकळच होती. 16 डिसेंबर 2008 रोजी प्रवर्तक कुटुंबाच्याच दोन कंपन्या विकत घेण्याचा ठराव संचालक मंडळाने केला; गुंतवणूकदार खवळले, आणि काही तासांतच तो मागे घ्यावा लागला. भाव गडगडला. प्रवर्तकांचे सारे भाग गहाण असून सावकार ते विकू शकतात, हे जगाला कळले ते डिसेंबर संपता संपता. 7 जानेवारी 2009 रोजी रामलिंग राजू यांनी हिशेबातील अफरातफर कबूल केली, आणि एका दिवसात भाव सुमारे 179 रुपयांवरून 40 रुपयांखाली आला.

त्याच महिन्यात सेबीने तारणाची माहिती उघड करण्याची सक्ती केली. पुढे 2019 मध्ये नियम कडक झाले: प्रवर्तकाच्या निम्म्या भागांवर अथवा कंपनीच्या एकूण भांडवलाच्या 20 टक्क्यांवर बोजा चढला, की कर्जाचा व तारणाचा तपशील द्यावा लागतो. पण या मर्यादेच्या आत राहणाऱ्याला ती झळ नाही. शिवाय तपशील कर्जाच्या घटनेच्या दिवसाचा. भाव मात्र रोज बदलतो. आणि कोणत्या भावाला सावकार विक्रीस मोकळा होतो, हा कळीचा आकडा त्या तक्त्यात मागितलेलाच नाही.

“आपली मालमत्ता गहाण टाकण्यास मालक मुखत्यार आहे,” असे भांडवलदारांचे वकील सांगतील. भाग त्याचे खरे. पण भागांबरोबर कंपनीवरील सत्ताही गहाण पडते, आणि सावकाराच्या विक्रीचा फटका ज्यांनी एक पैसाही उचलला नाही त्यांना बसतो. लहान भागधारकाने तिमाही तक्ता पाहताना एकूण भांडवलाच्या टक्केवारीने फसू नये. प्रवर्तकाचा हिस्साच आठ टक्के असेल आणि तो सर्वच्या सर्व गहाण असेल, तर त्या टक्केवारीत आठाचाच निरुपद्रवी आकडा दिसेल. प्रवर्तकाच्या स्वतःच्या हिश्श्यापैकी किती गहाण आहे, ते पाहावे.

सेबीने विक्रीचा तो भाव आणि तारणाचे प्रमाण, मर्यादेची अट न घालता, प्रत्येक प्रवर्तकाकडून दर महिन्याला जाहीर करवून घ्यावे. सावकाराला हे आकडे पहिल्या दिवसापासून ठाऊक असतात. ते भागधारकाला देण्यात अडचण फक्त प्रवर्तकाची आहे.