कणसाच्या जागी मका

अहिल्यानगर जिल्ह्यात, जामखेड-कर्जतकडे, कणीस म्हटले की आधी ज्वारीचे. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून काढून घेतलेल्या 'क – कणीस' या फ्लॅशकार्डावर मात्र पिवळाधमक मका अवतरतो, आणि चित्र सुबक म्हणून त्याचे कौतुकही होते! अक्षरकार्डाची सारी भिस्त चित्र पाहून मुलाच्या तोंडून येणाऱ्या पहिल्या ध्वनीवर असते. मूल 'मका' म्हणाले, की 'क'च्या आकृतीला 'म'चा ध्वनी चिकटतो. याला किरकोळ चूक कसे म्हणावे? यंत्राकडे ताटाच्या शेंड्यावरचे, गोल पांढरट दाण्यांनी गच्च भरलेले ज्वारीचे कणीस मागावे. मक्याचे तर ताटाच्या बाजूला, पानाच्या बेचक्यात येते. अक्षरही यंत्राला रेखाटू न देता फाँटमधूनच घ्यावे. छपाईपूर्वी ते झाकून पाच-सहा मुलांना एकेकटे विचारावे : हे काय? एकानेही 'मका' म्हटले, तर कार्ड बाद. मग चित्र कितीही देखणे असो.