विकेटची किंमत किती?

गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या टेनिस बॉल स्पर्धेत 'मालिकावीर' कोण, यावरून वाद झाला. नियम जुना होता, कुणी केला ते कुणालाच आठवत नव्हतं. एका धावेला एक गुण, एका विकेटला वीस गुण. त्या हिशोबाने नववीतल्या एका मुलाचे 184 गुण झाले, कारण त्याच्या 64 धावा आणि 6 विकेट होत्या. दहावीतल्या मुलाच्या 118 धावा आणि 3 विकेट, म्हणजे 178. चषक नववीला गेला. दहावीतला मुलगा रडला नाही, भांडलाही नाही. दुसऱ्या दिवशी वर्गाबाहेर थांबून त्याने एवढंच विचारलं, ''सर, ये बीस कहाँ से आया?''

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, गणित नाही. पण प्रश्न भाषेचाच वाटला. वीस हा शब्द आपण वापरतो, त्याचा अर्थ काय?

रविवारी स्कोअरबुक घेऊन बसलो. स्पर्धेत सगळ्या संघांनी मिळून केलेल्या धावा 1080 होत्या, पडलेल्या विकेट 90. भागाकार केला की 12. म्हणजे आमच्या मैदानावर, आठ षटकांच्या सामन्यात, एक विकेट सरासरी बारा धावांना पडत होती. मग विकेटची किंमत बारा. वीस ही किंमत दुसऱ्या कुठल्या तरी क्रिकेटची असणार, तिथे फलंदाज जपून खेळत असतील. बाराने हिशोब केला तर दहावीच्या मुलाचे 154 आणि नववीच्या मुलाचे 136 होतात. चषक उलटा जातो. धावबाद धरले की घोळ आणखी वाढतो, कारण ती विकेट गोलंदाजाच्या नावावर टाकायची की फेकणाऱ्याच्या, हेही आधी ठरवावं लागतं.

धुळ्याच्या एका शिक्षक मित्राला फोनवर हे सांगितलं. तो म्हणाला, ''भाऊ, कसोटीत असलं काही नसतं. फलंदाजीच्या सरासरीतून गोलंदाजीची सरासरी वजा कर, जास्त येईल तो मोठा.'' ही वजाबाकी प्रसिद्ध आहे. पण तिच्यात एक खोट आहे, आणि ती दाखवायला आपल्याकडचीच चार नावं पुरतात.

बापू नाडकर्णी नाशिकचे, म्हणजे आम्हा खानदेशवाल्यांचे शेजारी. 41 कसोटींत 1414 धावा, सरासरी 25.70, आणि 88 विकेट 29.07 ने. वजाबाकी उणे 3.37. विनू मांकड यांच्या 44 कसोटींत 2109 धावा 31.47 ने आणि 162 विकेट 32.32 ने, वजाबाकी उणे 0.85. रवी शास्त्री यांचे आकडे 35.79 आणि 40.96, वजाबाकी उणे 5.17. आणि सोलापूरला जन्मलेले पॉली उम्रीगर, 42.22 आणि 42.08. वजाबाकी अधिक 0.14.

म्हणजे चौघांत सर्वोत्तम अष्टपैलू उम्रीगर ठरतात, आणि त्यांच्या विकेट 59 कसोटींत 35! उम्रीगर मोठेच फलंदाज. 1962 मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला एकाच कसोटीत त्यांनी 56 आणि नाबाद 172 धावा करून एका डावात पाच बळीही घेतले. पण वजाबाकीला विकेट 35 आहेत की 162, हे दिसतच नाही. सरासरी दर सांगते, माल किती ते सांगत नाही. बाजारात केळी कुठल्या भावाने गेली एवढं सांगून शेतकऱ्याची कमाई कळते का?

म्हणून दर आणि माल दोन्ही एकाच चलनात आणायला हवेत, आणि चलन म्हणजे धावा. विचारायचं असं: या माणसाच्या जागी एखादा साधारण खेळाडू असता, तर संघाला किती धावांचा फरक पडला असता? समजा साधारण माणूस बाद होण्यापूर्वी 20 धावा करतो आणि साधारण गोलंदाज एका विकेटला 40 धावा मोजतो. नाडकर्णी 55 वेळा बाद झाले. साधारण माणसाने तेवढ्यात 1100 केल्या असत्या, त्यांनी 1414 केल्या, नफा 314. 88 विकेटना साधारण गोलंदाजाने 3520 धावा दिल्या असत्या, त्यांनी 2559 दिल्या, नफा 961. एकूण 1275, कसोटीमागे 31.

तसंच मांडलं की मांकड कसोटीमागे 46 वर जातात, शास्त्री 19 वर राहतात. आणि उम्रीगर? तेही 31. आकडा एकच, पण आतलं सगळं वेगळं. उम्रीगरांचा सारा नफा फलंदाजीचा, गोलंदाजीत उलट 73 धावांचा तोटा. नाडकर्णींचा तीन चतुर्थांश नफा गोलंदाजीचा.

इथे मला थांबून कबूल करायला हवं की 20 आणि 40 मी ठरवले. त्याऐवजी 25 आणि 35 घेतले तर उम्रीगर 21, मांकड 20 आणि नाडकर्णी 14 होतात. क्रम बदलला! 'साधारण खेळाडू कोण' हा निर्णय माणसाचा असतो, सूत्र फक्त तो निर्णय मान्य करून पुढे जातं. त्यामुळे कुणी एक आकडा सांगून 'हाच श्रेष्ठ' म्हणाला, तर आधी पाया कुठला धरला ते विचारावं. दोन-तीन पाये बदलूनही जो वर टिकतो, त्याच्याबद्दल बोलावं. मांकड दोन्ही वेळा पहिल्या दोघांत आहेत, हे मला पुरेसं वाटतं.

आणि नाडकर्णींची जी गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, तिचं काय? जानेवारी 1964, मद्रास, इंग्लंडचा पहिला डाव. 32 षटकं, 27 निर्धाव, 5 धावा, विकेट नाही. त्यातली 21 षटकं लागोपाठ निर्धाव. माझ्या सूत्रात या डावाची नोंद शून्य विकेट, पाच धावा, म्हणजे पाच धावांचा तोटा! हसू येतं. पूर्ण कारकिर्दीत हा अन्याय भरून निघतो, कारण षटकामागे 1.67 धावा देण्याची सवय त्यांच्या 29.07 सरासरीत मुरलेली आहे. एका डावाचं मोल करताना मात्र षटकामागे वाचवलेल्या धावा वेगळ्या मोजाव्या लागतात.

त्या मोजतानाही हात आखडता घ्यावा असं माझं मत आहे. नाडकर्णींना एका विकेटला सरासरी 104 चेंडू लागले. कसोटी जिंकायला प्रतिस्पर्ध्याचे वीस गडी बाद करावे लागतात, आणि त्या मालिकेतल्या पाचही कसोटी अनिर्णित राहिल्या. वाचवलेली धाव तिथे विजयापर्यंत पोहोचली नाही. तीच गोलंदाजी आमच्या आठ षटकांच्या सामन्यात कुणी केली, तर विकेट न घेताही तो सामना जिंकून देईल. तिथे प्रत्येक चेंडू मोजून मिळतो, आणि न झालेली धाव परत मिळत नाही.

यंदाच्या स्पर्धेसाठी मी स्कोअरबुकात एक रकाना वाढवला आहे, गोलंदाजाने दिलेल्या धावांचा. विकेटची किंमत शेवटच्या सामन्यानंतर, त्याच स्पर्धेच्या धावा आणि विकेट भागून ठरेल. तो दहावीतला मुलगा आता कॉलेजात आहे. भागाकार करायला ये म्हणून निरोप पाठवला आहे.