पानं मलूल दिसली तरी थांबा, आधी माती बघा

साताऱ्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी ऊन चांगलं चटकतं. सांगलीत थंडी थोडी सौम्य, पण दिवसरात्रीचा हा फरक तिथेही असतोच. दुपारच्या उबेवर जाऊन आपण कुंडीला रोजचं पाणी घालतो आणि घरातली झाडं तिथेच फसतात. अ‍ॅग्लोनिमा, अँथुरियम, कॅलाथिया, डिफेनबेकिया ही मंडळी मूळची उष्ण, दमट जंगलांतली. दहा-बारा अंशांची हवा अंगावर आली की त्यांची पेशीजालं दुखावतात.

लाल अ‍ॅग्लोनिमाचंच घ्या. कुंडी सरकत्या खिडकीच्या कट्ट्यावर, आणि डासांची जाळी आहे म्हणून काच रात्रभर उघडी. चार-दोन दिवसांत खिडकीकडच्या पानांवर तेलकट, करडे डाग पडतात; आतल्या बाजूची पानं मात्र ठणठणीत. डाग असे एकाच बाजूला असले, तर रोगापेक्षा वाऱ्याचा संशय आधी घ्यावा. औषध फवारून उपयोग नाही. कुंडी खिडकीपासून दोन-तीन फूट आत घ्या. गार फरशीवर न ठेवता पाटावर किंवा स्टुलावर ठेवा. रात्री पडदा ओढताना झाड पडदा आणि काचेच्या मधे अडकू देऊ नका, कारण तिथे गारवा साचतो. सकाळी पुन्हा उजेडाजवळ न्या. डागाळलेली पानं लगेच छाटू नका. हिरवा भाग अजून झाडाला पोसतो.

आता पाणी. थंडीत उजेड कमी, वाढ जवळपास थांबलेली, म्हणून मुळं पाणी हळू ओढतात. नर्सरीतल्या लाल मातीची प्लास्टिकची कुंडी तर वरून कोरडी आणि तळाशी चिखल अशी असते. अशा ओल्या, गार मातीत मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून पानं मलूल होतात. ते पाहून आपण आणखी पाणी घालतो! तहानेनं आणि अतिपाण्यानं झाड दिसायला सारखंच मलूल होतं. फरक कळतो तो मातीत. एखादी लाकडी काडी तळापर्यंत खोचून काढा. ओली माती चिकटून आली, तर त्या दिवशी पाणी नको. आंबूस वास आला, तर कुंडीतून झाड उपसून काळी, लिबलिबीत मुळं कापा आणि नव्या भुसभुशीत मातीत लावा. एरवी हिवाळ्यात कुंडी बदलू नये, ही एवढीच सवलत.

वारांचा हिशेब सोडून द्या. अ‍ॅग्लोनिमाला वरची दोन बोटं माती कोरडी झाल्यावर आणि तळाशी चिखल नसेल तरच पाणी. स्नेक प्लांट आणि झेडझेडला पूर्ण कुंडी सुकल्यावर, मग तीन आठवडे लागोत की महिना. गच्चीवरच्या टाकीचं पहाटेचं पाणी बर्फासारखं असतं. बादलीत भरून रात्रभर घरात ठेवा आणि ऊन वर आल्यावर घाला. बशीत साचलेलं ओतून टाका. खत बंद. (गुलाब-शेवंतीला हे नियम लावू नका, त्यांचा हा हंगामच आहे.)

महाशिवरात्रीच्या सुमारास नवं पान उलगडताना दिसलं, की पाणी हळूहळू वाढवा. तोवर तीच काडी.