एकच श्रेणी, दोन वेगळी कारणं

पहिलं सत्र संपतं तेव्हा प्रगतिपत्रक घरी येतं. बहुतेक घरांत ते एकाच नजरेत वाचून होतं. अब्बू श्रेणी बघतात, अम्मी सही करते आणि पत्रक परत दप्तरात जातं. पण खरी माहिती श्रेणीच्या डावीकडच्या रकान्यांत असते.

सातवीतल्या एका मुलीचं आणि एका मुलाचं गणित उदाहरणादाखल घेऊ. दोघांना १०० पैकी ५० गुण, म्हणजे दोघांची श्रेणी क-२. ४१ ते ५० टक्क्यांची ही श्रेणी. ५१ झाले असते तर क-१ मिळाली असती. तेवढ्या एका गुणासाठी शाळेत जाऊन वाद घालण्यात अर्थ नाही. हे ५० कसे जमले, ते मात्र बघायलाच हवं.

सातवीत प्रत्येक विषयाचे ४० गुण आकारिक मूल्यमापनाचे आणि ६० संकलित मूल्यमापनाचे असतात. आपल्या उर्दू शाळांत यांनाच तशकीली आणि मजमूई म्हणतात. आकारिक म्हणजे सत्रभर वर्गात पाहिलेलं काम: तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी, स्वाध्याय. संकलित म्हणजे सत्राअखेरची परीक्षा. त्यातले १० गुण तोंडी किंवा प्रात्यक्षिकाचे आणि ५० लेखी पेपरचे.

मुलीला आकारिकमध्ये ३३ आणि संकलितमध्ये १७ आहेत. मुलाला आकारिकमध्ये १४ आणि संकलितमध्ये ३६.

आता हजेरीचा तक्ता महिन्यांनुसार वाचा. नुसती बेरीज फसवते. मुलगा ९१ पैकी ६९ दिवस हजर, म्हणजे ७६ टक्के. हे फार वाईट वाटत नाही. पण जुलैत तो २५ पैकी २४ दिवस आला आणि सप्टेंबरात २४ पैकी फक्त १३. ऑक्टोबरात तर १४ पैकी ६. आपल्या वाशीम जिल्ह्यात हे सोयाबीन सोंगणीचे दिवस. शेतात माणसं कमी पडतात, मग पोरगं घरी राहतं. त्याच दिवसांत वर्गात चाचणी झाली, प्रात्यक्षिक झालं, स्वाध्यायाच्या वह्या तपासल्या गेल्या. आकारिकचे गुण तिथे गेले. मुलगा समजदार आहे, म्हणून पेपर त्याने सोडवला. त्याच्यासाठी उपाय सरळ आहे: त्या आठवड्यांत कोणते घटक शिकवले ते गुरुजींकडून लिहून घ्या आणि तेवढेच भरून काढा.

मुलीची हजेरी जवळपास पूर्ण आहे. वही नीटनेटकी, वर्गात हात वर. घरी सगळे तिच्यावर खूश. पण जास्त काळजी हिचीच करायला हवी. शिक्षकांच्या मूल्यमापन नोंदवहीत तिच्या १७ गुणांची फोड बघा: तोंडीत १० पैकी ८, लेखीत ५० पैकी ९. म्हणजे विचारलं की तिला सांगता येतं, गटात बसून करताही येतं, पण एकटीने कागदावर उदाहरण शेवटपर्यंत नेता येत नाही.

सातवीत हे चालून जातं, कारण मूल पुढच्या वर्गात जातंच. आठवीत तसं नाही. डिसेंबर २०२३ च्या शासन निर्णयाप्रमाणे पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेत प्रत्येक विषयात ३५ टक्के गुण लागतात. आठवीला ६० पैकी २१. तिथे आकारिकचे ३३ गुण मदतीला येत नाहीत. कमी पडल्यास पुनर्परीक्षा होते, आणि तीही जमली नाही तर मूल त्याच वर्गात राहतं. आज १७ वर असलेल्या या मुलीकडे तयारीला एक सत्र आणि पुढचं वर्ष आहे.

शेवटचा रकाना वर्णनात्मक नोंदींचा. त्यात तीन भाग असतात: विशेष प्रगती, आवड-छंद आणि सुधारणा आवश्यक. तिसरा आधी वाचा. “गणितात सराव हवा” एवढंच लिहिलं असेल, तर पालकसभेत विचारा: कोणत्या घटकात? उत्तरपत्रिका बघायला मागा. परिमेय संख्यांची बेरीज करताना छेद समान करायचं राहतं, की शाब्दिक उदाहरण वाचूनच कळत नाही? पहिल्या चुकीला रोज पाच उदाहरणं पुरतात. दुसरी चूक मुळात भाषेची आहे. तिथे उदाहरण मोठ्याने वाचून घ्या आणि काय दिलंय, काय काढायचंय, ते मुलीलाच तिच्या शब्दांत लिहू द्या. अम्मीला गणित येत नसलं तरी एवढं करून घेता येतं.

आणि एक गोष्ट तक्त्यात कधीच दिसत नाही: मूल गैरहजर का होतं. तो रकाना पालकांनीच भरायचा असतो. आजारपण असो, सोंगणी असो की लहान भावंडांना सांभाळणं, वर्गशिक्षकांना सांगा. त्यांना कारण माहीत असलं, तर राहिलेली चाचणी किंवा प्रात्यक्षिक ते पुढे करून घेऊ शकतात.